ॲसिड आणि हायपोची सेफ्टी शीट मराठीत करताना

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या एकांचं छोटं युनिट आहे. पत्र्याची शेड, सात-आठ माणसं. एका भिंतीला हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन, समोरच्या भिंतीला सोडियम हायपोक्लोराइटचे. ॲसिडपासून टॉयलेट क्लीनर बनतं, हायपोपासून कपड्यांचं ब्लीच. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये विचारणा झाली, की सेफ्टी डेटा शीट कामगारांना वाचता येईल अशी कुठाय? मी बीएस्सी केमिस्ट्री आणि पोटापाण्याला भाषांतर करते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

शीटचे भाग सोळा. त्यातली वाहतूक, विषारीपणाच्या चाचण्या, कायद्यांची यादी फाईलमध्ये इंग्रजीतच राहिली तरी शेडमध्ये कुणाचं अडत नाही. मी सहा भाग घेतले: धोके (२), प्रथमोपचार (४), सांडल्यास काय करायचं (६), हाताळणी आणि साठवण (७), संरक्षक साधनं (८) आणि कशाशी संपर्क नको ते (१०).

दुसऱ्या भागातल्या H ने सुरू होणाऱ्या वाक्यांना भाषांतरकाराने हात राखूनच हात लावावा. ती प्रत्येक धोक्यासाठी ठरलेली वाक्यं आहेत आणि त्यातला जोर मोजूनमापून ठेवलेला असतो. H314 सांगतं की त्वचा गंभीरपणे भाजते आणि डोळ्यांना इजा होते. H335 सांगतं की श्वसनमार्गाची जळजळ होऊ शकते. नेटवर सापडलेल्या एका तयार तक्त्यात दोन्हीकडे ‘होऊ शकते’ होतं. वाचायला सौम्य वाटतं, पण ॲसिड अंगावर पडलं तर भाजतंच, तिथे शक्यतेचा प्रश्न नाही. म्हणून ही वाक्यं मी कोडसकट, एकही शब्द न वाढवता ठेवली. माझं स्वातंत्र्य सुरू झालं ते बाकीच्या भागांत.

खरी मेख हायपोच्या शीटमध्ये होती. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. युरोपातल्या शीटवर यासाठी EUH031 असं वेगळं वाक्य असतं: ॲसिडशी संपर्क आल्यास विषारी वायू बाहेर पडतो. आमच्या पुरवठादाराच्या शीटमध्ये मात्र दहाव्या भागात, कशाशी संपर्क नको त्या यादीत, धातू आणि अमोनियाच्या मधोमध ‘ॲसिड’ एवढा एकच शब्द. ज्या शेडमध्ये दोन्हींमध्ये पंधरा पावलांचं अंतर आहे, तिथे हा शब्द यादीत गाडून चालणार नव्हता.

मी आधी लिहिलं, ‘ॲसिड व हायपो एकत्र मिसळू नये.’ मिक्सिंग बघणाऱ्या मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मुद्दाम कोण मिसळतंय हो मॅडम?” बरोबरच होतं. मुद्दाम कुणीच मिसळत नाही. मग आम्ही दोघं शेडभर हिंडलो आणि मी फक्त बघत राहिले, हे दोन पदार्थ नकळत कुठे कुठे भेटतात ते. मापाचा मग एकच, कुणीतरी विसळून दुसरीकडे नेतं. नरसाळं एकच. रिकामे कॅन एकाच कोपऱ्यात, आणि नवीन माल भरताना आधी त्यात काय होतं ते वासावरून ठरवायचं. शिवाय फरशीतली गटाराची चारी दोन्ही भिंतींकडून येऊन दाराशी एक होते. इकडे ॲसिडचे कॅन धुतले आणि तिकडे हायपो सांडला की दोन्ही पाणी दाराशी गाठ घालतं, म्हणजे जिथून बाहेर पळायचं तिथेच.

म्हणून शेडमध्ये लावायच्या फलकावर लिहिलं ते असं: ‘हायपोचा मग, नरसाळं, पंप ॲसिडला वापरू नका. ॲसिडच्या कॅनमध्ये हायपो भरू नका. दोन्हीकडचं धुण्याचं पाणी एका वेळी गटारात सोडू नका. हिरवट पिवळा धूर किंवा घशाला झोंबणारा वास आला तर काम टाकून बाहेर जा. खाली बसू नका.’ शेवटचं वाक्य मूळ शीटमध्ये या शब्दांत नाही. तिथे एवढंच आहे की वायू हवेपेक्षा जड असून खालच्या जागी साचतो. पण ठसका लागला की माणूस गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकतो, आणि वायू तिथेच असतो.

पातळ करण्याची सूचनाही अशीच उलगडली. ‘ॲसिडमध्ये पाणी न घालता पाण्यात ॲसिड घालावे’ हे वाक्य घाईत ऐकलं की कुठल्यात काय ते उलटंपालटं होतं. मामा नव्या पोरांना सांगतात तेच घेतलं: आधी पाणी, मग ॲसिड, हळूहळू.

प्रथमोपचारात दोन गोष्टींवर थांबावं लागलं. गिळल्यास उलटी करवू नका, असं शीट स्पष्ट सांगते, कारण वर येताना तेच ॲसिड अन्ननलिका पुन्हा भाजतं. आपल्याकडे विषबाधा म्हटलं की मिठाचं पाणी पाजायला आधी धावतात, म्हणून ‘मिठाचं पाणी देऊ नका’ हे मी माझ्या जबाबदारीवर जोडलं आणि मालकांना तसं सांगितलं. दुसरी गोष्ट क्लोरीन हुंगल्यानंतरची. शीट म्हणते, लक्षणं उशिरा दिसू शकतात. याचा अर्थ असा, की दुपारी खोकला थांबलेला माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणत गाडीला किक मारून गावी जातो आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसात पाणी साठू शकतं. फलकावर लिहिलं, ‘बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा, एकट्याला घरी सोडू नका.’ डोळ्यांसाठी ठरलेल्या वाक्यात ‘काही मिनिटे धुवा’ आहे आणि त्याच शीटच्या चौथ्या भागात किमान १५ मिनिटे. फलकावर १५ घेतलं.

आठव्या भागातलं ‘योग्य हातमोजे वापरा’ हे तर काहीच न सांगणारं वाक्य. शेडमध्ये खुंटीला पांढरे विणलेले सुती मोजे लटकत होते. त्यात ॲसिड मुरतं आणि कातडीला चिकटून बसतं. त्यापेक्षा उघडा हात पटकन धुता तरी येतो. शीटमध्ये पुढे नायट्राइल किंवा निओप्रीन लिहिलं होतं. मी लिहिलं, ‘कोपरापर्यंतचे रबरी मोजे, सुती नाही.’

छापण्याआधी लेबलवरचं चित्र दाखवून एका बाईंना विचारलं, यातून काय कळतं? नळीतून हातावर आणि पत्र्यावर थेंब पडताहेत, तेच ते गंजण्या-भाजण्याचं चिन्ह. त्या म्हणाल्या, “हात धुवा म्हणतंय.” चित्र बदलण्याचा अधिकार ना मला ना मालकांना, ते ठरलेलंच आहे. त्याखाली ‘भाजतं’ एवढंच मोठ्या अक्षरात टाकलं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मामा तोंडी सांगतात.

पुरवठादाराचा आणीबाणीचा नंबर शीटवर होता. संध्याकाळी लावून पाहिला तर कुणी उचलला नाही. फलकावर १०८ टाकला, आणि खाली कॅनच्या लेबलचा फोटो सोबत न्या, असं लिहिलं, म्हणजे डॉक्टरांना काय अंगावर गेलंय ते कळतं.

मापाचे मग आता लाल आणि निळे असे वेगळे आहेत, नरसाळी आणि पंपही. चारी वेगळी करायचं काम मालक पावसाळा संपल्यावर काढणार आहेत. तोवर हायपोकडचं धुण्याचं पाणी गटारात न सोडता वेगळ्या ड्रममध्ये धरलं जातं.