४,५८,७०० की ४,८५,७००? एका चेक बाउन्स नोटिशीची शेवटची तपासणी

मी नारायण पेठेतल्या एका वकिलांच्या ऑफिसात अकरा वर्षं टायपिंग करते आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद शेवटचा वाचायचं काम माझ्याकडेच असतं. हा प्रसंग ७ नोव्हेंबर २०२५ चा, शुक्रवार होता.

भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेले एक काका दुपारी तीनला फाइल घेऊन आले. चाकणच्या एका फर्मनं दिलेला ४ ऑगस्टचा चेक, ४,५८,७०० रुपयांचा, बाउन्स झाला होता. बँकेचा मेमो ९ ऑक्टोबरचा आणि त्याच दिवशी काकांच्या हातात आलेला. मध्ये दिवाळी गेली आणि समोरची पार्टी "देतो देतो" म्हणत राहिली. काका म्हणाले, "ताई, गडबड नाही, नऊ तारखेपर्यंत महिना आहे ना आपल्याकडे."

इथेच मी पहिली थांबले, कारण नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये नोटिशीसाठी महिना नाही, ३० दिवस आहेत. मेमो मिळाल्याचा दिवस सोडायचा आणि पुढच्यापासून मोजायचं. १० ऑक्टोबर पहिला दिवस, ३१ ला बावीस झाले, म्हणजे तिसावा दिवस ८ नोव्हेंबर, दुसऱ्या दिवशीचा शनिवार. ऑक्टोबर एकतीसचा आहे म्हणून हा एक दिवस हातातून जातो आणि वर नऊ तारखेला रविवार. मी हे मनात कधीच मोजत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिक करत मोजते. सर म्हणाले, "आजच जाऊ दे."

सरांनी डिक्टेशन दिलं, मी टाइप केलं, साडेचारला प्रिंट काढली. मग मी नेहमीप्रमाणे स्क्रीन बंद केली, कागदावर पट्टी ठेवली आणि वाचायला बसले, स्क्रीनवर आपण आपलंच टायपिंग पुढे पुढे वाचून टाकतो, डोळा थांबत नाही. आमच्या ऑफिसातल्या क्लार्क काकांच्या हातात ओरिजिनल चेक दिला. मी नोटिशीतला आकडा मोठ्यानं वाचायचा, तोही एकेक अंक सुटा सुटा, त्यांनी चेकवर बोट ठेवून हो म्हणायचं. सुरुवातीच्या पॅराला "चार, पाच, आठ, सात, शून्य, शून्य", हो. शेवटच्या मागणीच्या पॅराला "चार, आठ, पाच", क्लार्क काका म्हणाले, "थांब थांब, पाच आठ आहे."

पोटात धस्स झालं. चूक माझीच होती आणि ती कशी झाली तेही लगेच कळलं. सर "अठ्ठावन्न" म्हणाले, आपल्याकडे आठ आधी बोलतात आणि पन्नास मागून, बोटानं ऐकल्या क्रमानं आठ मारला मग पाच. मराठी डिक्टेशनवर टाइप करणाऱ्याला ही चूक कायम टपलेली असते. अशा उलट्यापालट्या अंकांची एक खूण आहे, शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की दोन आकड्यांमधल्या फरकाला नेहमी नऊनं भाग जातो. इथे फरक २७,००० होता. पण ही खूण दोन आकडे समोर असतील तरच उपयोगी, मूळ चेक समोर नसेल तर नोटिशीतल्या नोटिशीत काहीच कळत नाही, म्हणून अक्षरी रक्कमही तिथेच लिहितो आणि ती वेगळी वाचतो.

बाहेरच्या माणसाला वाटेल एवढं काय, टायपिंग मिस्टेक आहे. पण १९ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं कावेरी प्लास्टिक्सच्या केसमध्ये सांगितलं की नोटिशीत चेकचीच रक्कम मागितलेली पाहिजे. तिथे चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी लिहिले गेले होते. टायपिंगची चूक आहे असं सांगून भागलं नाही, नोटीसच अवैध ठरली. हा निकाल सरांनी आम्हाला वाचून दाखवला होता, निकालाला दोन महिनेही झाले नव्हते. आणि भोसरीच्या काकांना तर अजून वेगळे १,२०,००० जुन्या बिलांचे त्याच आकड्यात मिसळून मागायचे होते. सरांनी ते साफ काढायला लावलं, चेकची रक्कम एकटी आणि ठळक, व्याज नि नोटीस खर्च लिहायचाच तर वेगळ्या वाक्यात, बेरीज करून नाही.

मग नावं. काका सगळा व्यवहार चाकणच्या फर्ममधल्या मोठ्या भावाशी करत होते म्हणून मी नोटीस त्यांच्याच नावानं काढली होती. पण चेकवर शिक्का फर्मचा आणि सही धाकट्या भावाची, बघितल्याशिवाय कळलंच नसतं. फर्मला, सही करणाऱ्याला आणि मोठ्या भावाला, तिघांनाही नोटीस पाठवायची ठरली. फर्मचं नाव शिक्क्यावर आहे तसंच लिहिलं, "अँड ब्रदर्स"सकट. शिवाय आम्ही जुन्या नोटिशीवरच सेव्ह ॲज करून नवी करतो, म्हणून Ctrl+F नं मागच्या पार्टीचं आडनाव शोधलं. सातव्या पॅरात एक सापडलं!

खरा घोळ जोडकागदांत होता. काकांनी मेमोचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि मी पहिलाच डाउनलोड करून प्रिंट काढली. तपासताना तारीख वाचली तर १२ ऑगस्ट. म्हणजे चेक ऑगस्टमध्ये एकदा बाउन्स झालेला, समोरच्यानं "परत टाका" म्हणून सांगितलं, काकांनी ऑक्टोबरमध्ये परत टाकला. तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा टाकता येतो, त्यात गैर काही नाही, पण नोटीस म्हणते ९ ऑक्टोबर आणि सोबत कागद ऑगस्टचा, समोरच्या वकिलाला आयतंच मिळालं असतं. "सोबत मेमोची प्रत" हे वाक्य बरोबर होतं आणि प्रतही जोडलेली होती, म्हणून नुसतं "जोडलंय का" विचारून हे सापडत नाही, जोडलेल्या कागदावरची तारीख आणि चेक नंबर वाचूनच सापडतं.

शेवटी भाषा. काकांच्या घरचे हप्ते थकले होते, राग खरा होता, त्यांना "भामटा", "लबाड" असे शब्द हवे होते आणि "सात दिवसांत". मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, काका हाच कागद उद्या जज साहेबांसमोर ठेवला जाईल, शिवी आपल्याच अंगाशी येईल. आणि कायद्यात समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस आहेत, ते सात आपण करायचे नाहीत. पण सरांच्या ड्राफ्टमध्ये "सहकार्य करावे" असं एक वाक्य आलं होतं तेही मला खटकलं, त्यात मागणी दिसत नाही. ते बदलून "नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेकची रक्कम रु. ४,५८,७०० द्यावी" असं सरळ केलं. सरांनी वाचून मान हलवली.

सव्वासहा वाजता सिटी पोस्टात पोहोचले, लक्ष्मी रोडला तोबा गर्दी. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं त्यामुळे तिन्ही पाकिटं स्पीड पोस्टनं. पावती हातात आली की काउंटरवरच पिन कोड वाचते, ४१०५०१ तिन्हींवर बरोबर होता. सोमवारी, १० तारखेला ट्रॅकिंगवर तिन्ही पोहोचल्याचं दिसलं, त्याची प्रिंट फाइलला लावली आणि डायरीत पंधराव्या दिवसावर, २५ नोव्हेंबरवर, काकांचं नाव लिहिलं.