आमची वाटचाल: ३१ आयडिया आणि एका डिझायनरचे तास

दादरला आमची पाच जणांची मार्केटिंग एजन्सी आहे, मी, एक कॉपीरायटर, एक डिझायनर, एक जण अ‍ॅड्स बघतो आणि एक क्लायंट सांभाळते. मागच्या जूनमध्ये एक रिटेनर, म्हणजे दर महिन्याला ठरलेले पैसे देणारं काम, गेलं तेव्हा सगळे मिळून बसलो आणि धंदा वाढवायच्या आयडिया शीटमध्ये टाकत गेलो, तासाभरात ३१ झाल्या. रोजचे रील, पॉडकास्ट, वेबसाइट नव्याने, जुन्या क्लायंटकडून ओळखी, फक्त डेंटल क्लिनिकसाठी एक पॅकेज, काय काय होतं त्यात.

मग आयसीई पद्धतीने मार्क दिले. मार्केटिंगवाल्या शॉन एलिसची पद्धत आहे ही, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स आणि सोपेपणा, प्रत्येकाला १ ते १० आणि आम्ही तिन्हींचा गुणाकार केला. रील पहिले आले, ८ × ७ × ६ म्हणजे ३३६. जुन्या क्लायंटला फोन करणं २४०, बरंच खाली. लगेच रील सुरू केले आणि पाचव्या आठवड्यात बंद पडले.

का पडले ते समजायला मला वेळ लागला. महिन्याला ८ रील म्हणजे एका रीलला दीड तास स्क्रिप्ट, एक तास शूट, तीन तास एडिट, एकूण ४४ तास. पाच जणांत वाटले तर माणशी नऊ तास पण होत नाहीत, म्हणून सगळ्यांना सोपं वाटलं. पण एडिट वाटता येतच नाही ना, ते २४ तास सगळे डिझायनरचेच! तीन महिन्यांचे ७२. स्वतःच्या कामासाठी आम्ही शुक्रवारी दुपारचे तीन तास ठेवतो, म्हणजे तिमाहीत तिच्याकडे कागदावर ३६ तास, आणि गणपती-दिवाळीच्या क्रिएटिव्हमुळे प्रत्यक्षात २० उरतात. ती पहिल्याच मीटिंगमध्ये हळू आवाजात म्हणाली होती की सर हे जमणार नाही, पण तोपर्यंत मी माझा आकडा मोठ्याने सांगून टाकला होता आणि बाकीचे त्याच्याच आसपास आले. ही चूक माझी, आणि अजून लागते मनाला.

ऑक्टोबरमध्ये परत बसलो. आता आधी प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर मार्क लिहायचे, माझी चिठ्ठी शेवटी उघडायची, आणि दोघांत चारपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढायची नाही, ज्याचा आकडा वेगळा त्याला आधी बोलू द्यायचं. बहुतेक वेळा त्याला असं काही माहीत असतं जे बाकीच्यांना नसतं. सोपेपणाचा कॉलम काढून टाकला, त्याजागी प्रत्येकाच्या नावाचे तास लिहिले, एकदाच लागणारे वेगळे आणि दर महिन्याला लागणारे वेगळे. कोणाचेही तास त्याच्या शिल्लक तासांच्या वर गेले की ती आयडिया त्या तिमाहीतून बाहेर, मार्क कितीही असोत.

इम्पॅक्टला पण १ ते १० बंद केलं, कारण एकाचा ८ म्हणजे फॉलोअर आणि दुसऱ्याचा ८ म्हणजे पैसे असं होत होतं. आता एकच प्रश्न, तीन महिन्यांत महिन्याची किती रिटेनर वाढेल, रुपयात सांगा. आणि कॉन्फिडन्स मनाने द्यायचा नाही, आपल्याकडे आधी असं घडलंय का ते बघायचं. तेव्हा जुनी बिलं काढली तर १४ पैकी ९ क्लायंट कोणाच्या तरी ओळखीने आलेले, इन्स्टाग्रामवरून एकही नाही. हे आधीच बघायला हवं होतं.

मग फोनची आयडिया सरळ वर आली. माझे पाच तास, डिझायनरचे दोन तास एका पानाच्या पीडीएफसाठी, बस. चौदाही जणांना मी स्वतः फोन केला, आणि "कोणी असेल तर सांगा" असं नाही म्हटलं, "तुमच्या ओळखीत दुसरं क्लिनिक किंवा क्लास चालवणारं कोणी आहे का" असं नेमकं विचारलं. चार ओळखी मिळाल्या, दोन मीटिंग झाल्या, ठाण्याचा एक क्लास ४५ हजार महिन्यावर आला.

पण हे दर तिमाहीला होत नाही. जानेवारीत त्याच लोकांना परत विचारलं तर एकच नाव मिळालं, म्हणून आता प्रत्येक तिमाहीला आकडे नव्याने टाकतो. आणि रँकिंग लावताना आकड्यांना लागणाऱ्या तासांनी भागलं की डेंटल पॅकेजसारखी मोठी कामं कायम तळाला जातात, त्याला ९० तास लागतात आणि पैसा सहा महिन्यांनी दिसेल. म्हणून एक जागा रँकिंगच्या बाहेर ठेवलीय, दर शुक्रवारी कॉपीरायटर आणि मी त्यातलं थोडं थोडं करतो, पाच डॉक्टरांशी बोलून झालंय. रील अजून शीटवर आहेत, ११व्या नंबरला, बाहेरचा एडिटर परवडेल तेव्हा डिझायनरच्या नावापुढचे तास खोडून परत मोजणार.