तुम्ही विचारलंत म्हणून: टिंबामागं लपलेली फोल्डरं

"सर, फोल्डर हाय म्हणतंय पण दिसंना, हिडन दाखवायचं कसं? आणि नावाच्या पुढं टिंब असलं की ते लपतंयच का?"

दाखवायचं कसं ते आधी सांगतो, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत `View`, त्यात `Show`, त्यात `Hidden items` वर टिक करा. विंडोज १० असेल तर `View` टॅबमध्येच `Hidden items` चा चौकोन आहे. मॅकवर फाइंडर उघडा आणि कमांड, शिफ्ट आणि टिंब ही तीन बटणं एकदम दाबा, फोल्डरं फिकट रंगात दिसायला लागतात, परत दाबली की परत गायब. मॅकवर हे बटण २०१६ च्या सिएरापासून चालतं.

एवढं सांगितलं की लोक थँक्यू म्हणून जातात. आणि मी इतकी वर्षं त्यांना जाऊ दिलं, हीच माझी चूक होती असं आता वाटतं. विंडोजमधलं लपणं आणि मॅकमधलं लपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ते न कळल्यामुळं एका पोराचं काय नुकसान झालं ते माझ्या डोळ्यासमोरचं आहे, खरं सांगायचं तर माझ्या हातचं आहे.

सांगलीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. एक पोरगा इंजिनिअरिंग करता करता मामाच्या हळदीच्या अडत दुकानासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहीत होता. शेतकऱ्याच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, वजावट, सगळं. जुना मॅकबुक एअर होता त्याच्याकडं, सेकंडहँड घेतलेला. कामाची दुसरी कॉपी घरच्या डेस्कटॉपवर होती आणि तो डेस्कटॉप २०१९ च्या ऑगस्टात महापुराच्या पाण्यात गेला, तळमजल्यावर घर, काय सांगायचं. म्हणजे मॅकवर होतं तेवढंच राहिलं. नोव्हेंबरात त्याला मॅक विकायचा होता, घरी पैशाची ओढ होती. तो म्हणाला, काका, सगळं या हार्ड डिस्कवर घ्या आणि मशीन कोरं करून द्या.

मी काय केलं ते नीट सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे लोक हेच करतात. `hishob` नावाचं फोल्डर डबल क्लिक करून उघडलं. कमांड ए दाबून आतलं सगळं सिलेक्ट केलं. हार्ड डिस्कवर `hishob` नावाचं नवीन फोल्डर केलं आणि त्यात ओढून टाकलं. पट्टी भरली, कॉपी झाली, मी दोनचार फायली उघडून बघितल्या, उघडल्या. मग मॅक पुसला आणि गिऱ्हाईक आलं, घेऊन गेलं.

आठवड्यानं पोराचा फोन. नवीन विंडोज लॅपटॉपवर त्यानं काम उघडलं होतं आणि स्क्रीनवर हे आलं होतं:

```
fatal: not a git repository (or any of the parent directories): .git
```

गिट वापरणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. `.git` नावाच्या त्या एका फोल्डरमध्ये कामाचा सगळा इतिहास असतो, तुम्ही नोंद केलेला प्रत्येक बदल, काढून टाकलेला कोडसुद्धा. नावाच्या पुढं टिंब असल्यामुळं फाइंडरनं ते दाखवलं नाही, दाखवलं नाही म्हणून कमांड ए मध्ये ते सिलेक्ट झालं नाही, आणि सिलेक्ट झालं नाही म्हणून आलं नाही. फाइंडरनं एका अक्षरानं सांगितलं नाही की काहीतरी मागं राहतंय. मी फोल्डर न उघडता बाहेरूनच अख्खं `hishob` उचलून टाकलं असतं तर आतलं लपलेलं सगळं बरोबर आलं असतं. फरक फक्त एका डबल क्लिकचा.

तुम्ही म्हणाल चालू कोड तर आला होता ना. आला होता. पण मामांनी त्या वर्षी तोलाई धरायची पद्धत बदलून घेतली होती आणि पोरानं जुनी पद्धत कोडमधून काढून टाकली होती, ती गिटमध्ये आहेच म्हणून निवांत. डिसेंबरात एका शेतकऱ्यानं मागच्या सालच्या पट्ट्यांवर हरकत घेतली आणि जुन्या पद्धतीनं आकडे परत काढून दाखवायची वेळ आली. चौदा महिन्यांचा इतिहास त्या टिंबामागं होता. मी मॅक घेतलेल्या माणसाकडं गेलो, हातापाया पडून दोन तास मशीन मागून घेतलं, रिकव्हरीची सॉफ्टवेअरं लावली, पण आत एसएसडी होती, पुसलेली, काही हाताला लागलं नाही. पोरानं आठ रात्री बसून आठवणीनं ते परत लिहिलं आणि मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मला कळायला पाहिजे होतं का? हो, पाहिजे होतं. मॅकवर फोल्डर सिलेक्ट करून कमांड आय दाबलं की त्याचा आकार दिसतो आणि त्या आकारात लपलेल्या फायलीपण धरलेल्या असतात. मॅकवरचं फोल्डर ४१२ एमबी होतं, कॉपी ९६ एमबी. हा आकडा मला पोराच्या मॅसेजमधल्या जुन्या स्क्रीनशॉटवरून नंतर कळला. पुसायच्या आधी दोन्हीकडं एकदा बघितलं असतं तर तिथंच हात थांबला असता. डिस्कचा फॉरमॅट वेगळा असला की थोडाफार फरक पडतो, पण ४१२ चे ९६ होत नाहीत.

आणि कुणी म्हणेल टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून केलं असतं तर वाचला असता, तर तसंही नाही. मी नंतर दुसऱ्या फोल्डरवर करून बघितलं. `cp -R hishob/* /Volumes/Disk/` असं दिलं की तिथंपण टिंबवाली राहतात, कारण त्या चांदणीत टिंबानं सुरू होणारी नावं धरत नाहीत. चांदणी काढून `cp -R hishob /Volumes/Disk/` दिलं तर सगळं जातं.

आता टिंबच का. मला आधी वाटायचं कुणीतरी सुरक्षेचा विचार करून केलेली सोय असणार. तसं नाहीय. युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम जिथं तयार झाली त्या बेल लॅब्समध्ये पूर्वी असलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहून ठेवलंय की युनिक्स नवीन होतं तेव्हा प्रत्येक फोल्डरमध्ये `.` आणि `..` अशा दोन नोंदी आल्या, एक म्हणजे हेच फोल्डर आणि दुसरी म्हणजे वरचं. फायलींची यादी दाखवणारी `ls` कमांड दिली की त्या दोन्ही प्रत्येक वेळी यादीत दिसायच्या. त्या नकोत म्हणून युनिक्स लिहिणारे केन थॉम्पसन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी एकानं एक सोपी तपासणी टाकली, सी मध्ये लिहिली तर ती अशी:

```
if (name[0] == '.') continue;
```

म्हणजे नावाचं पहिलं अक्षर टिंब असलं की पुढं चला. पूर्ण नाव `.` किंवा `..` आहे का एवढंच बघायला पाहिजे होतं, बघितलं फक्त पहिलं अक्षर, आणि त्यामुळं टिंबानं सुरू होणारं कुठलंही नाव यादीतून गळायला लागलं. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या सेटिंगच्या फायली तिथं ठेवायला सुरुवात केली, दिसत नाही तर अडचण नाही. मॅक युनिक्सच्या घराण्यातला म्हणून हे त्याच्याकडं आलं. तिथं लपणं हे नावातच आहे, नाव बदललं की लपणं गेलं.

विंडोज त्या घराण्यातलं नाही. तिथं डॉसच्या काळापासून फाइलच्या नोंदीत हिडन नावाचा वेगळा शिक्का असतो, नावाशी त्याचा संबंध नाही. म्हणून `C:\Users` मधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात `.vscode` उघडं दिसतं आणि टिंब नसलेलं `AppData` लपलेलं असतं. विंडोजवर गिटनं केलेलं `.git` लपतं ते टिंबामुळं नाही, गिट स्वतःच त्याला हिडनचा शिक्का मारतं. मॅकवर झिप करून आणलेलं तेच फोल्डर विंडोजवर उलगडलं की उघडं दिसतं, आणि मग लोक मला फोटो पाठवतात, सर हा व्हायरस आहे का, डिलीट मारू का. नका मारू.

मॅकमध्येही शिक्क्याचा प्रकार आहे हां, तुमच्या होम फोल्डरातल्या `Library` ला टिंब नाही तरी ते लपलेलं असतं.

विंडोजवर `Hidden items` टिक करूनही पेनड्राइव्ह रिकामा दिसत असेल आणि प्रॉपर्टीजमध्ये मात्र जागा भरलेली दाखवत असेल तर फॉरमॅट मारू नका. शॉर्टकट व्हायरस फोल्डरांना हिडनबरोबर सिस्टिमचाही शिक्का मारतो आणि असा दुहेरी शिक्का असलेलं नुसत्या त्या टिकनं दिसत नाही. आधी अँटिव्हायरस फिरवा, मग पेनड्राइव्ह E असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
attrib -h -s /s /d E:\*.*
```

दोन्ही एकदम काढावे लागतात. नुसतं `-h` दिलं तर ते `Not resetting system file` म्हणतं आणि काही करत नाही.

राहता राहिला प्रश्न की हिडन कायम चालू ठेवावं का. २०१९ च्या आधी मी प्रत्येकाला सांगायचो की बंदच ठेवा, नको ते डिलीट कराल, आणि माझं ते म्हणणं खोटं नव्हतं, `AppData` उडवून ब्राउझरचे सेव्ह केलेले पासवर्ड घालवलेले लोक मी बघितलेत. आता माझ्या स्वतःच्या मशीनवर मी चालू ठेवतो. पण माझ्या बायकोच्या लॅपटॉपवर बंद आहे आणि तिनं विचारलं तर मी काय उत्तर देईन मला सांगता येत नाही. दुकानात एवढं मात्र करतो की कुणाचंही मशीन पुसायच्या आधी दोन्हीकडचे आकार कागदावर लिहितो, गिऱ्हाइकाची सही घेतो आणि तो कागद फायलीला लावतो. काही लोक वैतागतात. तो पोरगा आता पुण्यात असतो, दिवाळीला येतो, दुकानात चहा होतो, हळदीचा भाव निघतो, त्या फोल्डरचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.