ट्रेडमिल थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट

हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या दिवशी बारा आठवड्यांचा व्यायाम संपवून एक काका शेवटच्या तपासणीला आले होते. सुरुवातीच्या चाचणीत त्यांचे ठोके 152 पर्यंत गेले आणि थांबल्यावर मिनिटाने 141 झाले, म्हणजे फक्त 11 ने उतरले. या वेळी 154 वरून थेट 130. उतार 24! काकांचा चेहरा खुलला. मीही अहवालात ‘लक्षणीय सुधारणा’ असं लिहायला घेतलं.

लिहिताना जुनी ईसीजीची पट्टी शेजारी ठेवली आणि हात थांबला. पहिल्या चाचणीच्या त्या मिनिटभरात पट्ट्याचा वेग शून्य नव्हता, काका सावकाश चालतच होते. या वेळी मात्र लगेच इको करायचा म्हणून आम्ही त्यांना थेट आडवं केलं होतं.

हा फरक छोटा नाही. व्यायाम थांबला की पहिल्या मिनिटात ठोके उतरतात ते मुख्यतः व्हेगस नस पुन्हा ब्रेक लावते म्हणून. चढलेलं अॅड्रेनलिन ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. माणूस आडवा झाला की पायांतलं रक्त हृदयाकडे सहज परततं, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं आणि तो ब्रेक आणखी जोरात लागतो. चालत राहिलं तर स्नायूंची मागणी चालूच असते. म्हणून मर्यादाही वेगळ्या आहेत. 1999 साली क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 12 किंवा त्याहून कमी उतार चिंताजनक ठरवला, तो ताशी सुमारे अडीच किलोमीटर वेगाने चालत राहणाऱ्यांसाठी. लगेच आडवं केलं तर हीच रेषा 18 धरतात. माझ्या हातातले 11 आणि 24 एकाच मोजपट्टीवरचे नव्हतेच.

मी काकांना सरळ सांगितलं, “हा आकडा तुलनेला चालणार नाही. परत चाचणी करावी लागेल.” ते गप्प झाले. मला फार वाईट वाटलं, पण खोटा आनंद देऊन घरी पाठवणं जास्त वाईट झालं असतं.

चार दिवसांनी सगळं पहिल्यासारखं केलं. तेच गोळीचं वेळापत्रक (बीटा ब्लॉकरचा डोस हलला तर ठोक्यांचा हिशोबच बदलतो), तोच चढ, थांबल्यावर तेच सावकाश चालणं. नाडी बोटांनी पंधरा सेकंद मोजून चौपट केली तर एका ठोक्याची चूक चारची होते. म्हणून साठाव्या सेकंदाचा आकडा ईसीजीवरूनच घेतला. 155 वरून 140. उतार 15.

“म्हणजे 24 नाही?” काकांनी विचारलं.

“नाही. पण 11 वरून 15 आलाय, बाराची रेषा ओलांडलीय. दोन-चार ठोक्यांचा फरक एरवीही पडतो, म्हणून महिन्याने असंच पुन्हा बघू.”

अहवालात मी आकड्याशेजारी ‘थांबल्यावर चालत’ असं लिहिलं. आता प्रत्येक अहवालात लिहिते.