शांतादुर्गा मंगलाष्टकात कशी बसवावी?

भाचीच्या लग्नासाठी नवी मंगलाष्टके लिहायचे काम माझ्याकडे आले. ताईची एकच अट होती, पहिल्या ओळीत गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा हवी.

मंगलाष्टकांची आपली नेहमीची चाल शार्दूलविक्रीडित वृत्ताची. ओळीत १९ अक्षरे, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. ऱ्हस्व अक्षर लघु. दीर्घ, अनुस्वाराचे किंवा ज्याच्या पुढे जोडाक्षर येऊन आघात बसतो ते अक्षर गुरू. त्यांची जागा ठरलेली, ल म्हणजे लघु आणि गा म्हणजे गुरू:

गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा

आता शां-ता-दुर्-गा म्हणून बघा. चारही गुरू! या ओळीत सलग तीनपेक्षा जास्त गुरू कुठेच येत नाहीत, मग देवीला ठेवणार कुठे? मात्रावृत्त असते तर दोन लघूंच्या जागी एक गुरू टाकून निभावता आले असते. इथे ती सवलत नाही. मंदाक्रांता वृत्ताची सुरुवातच चार गुरूंनी होते, तिथे हे नाव अगदी चपखल बसते. पण लग्नात मंदाक्रांता म्हणणार कोण?

सुटका गोव्यातच सापडली. शांतादुर्गेला आपण शांतेरीही म्हणतो, आणि शां-ते-री हे नेमके तीन गुरू. पुढचे सहज आले: ‘शांतेरी जगदंबिका वरद हो’. बोलताना आपण ‘वरद्’ म्हणतो, पण वृत्तात व-र-द असे तीन लघु पूर्ण मोजायचे आणि गातानाही तसेच उच्चारायचे.

शेवटची ओळ मंगेशाची, ‘श्रीमंगेश तुम्हां जपो उभयतां, कुर्यात् सदा मंगलम्’. काका संस्कृतात मुरलेले. त्यांनी लगेच बोट ठेवले, “अरे, पुढे म्हा आहे, मग तु गुरू झाला ना? तिथे लघु हवा.”

“काका, तुम्ही जरा मोठ्याने म्हणून बघा. आधी ‘भक्त’, मग ‘तुम्हां’.”

‘भक्त’ म्हणताना आवाज भक् वर आपटतो. ‘तुम्हां’मध्ये तु वर आघात येतच नाही. मराठीत म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांच्याआधीचे अक्षर म्हणूनच बहुधा लघुच राहते. ‘कुर्यात्’मधला कुर् मात्र खणखणीत गुरू. काकांनी दोन्ही शब्द चालीवर म्हणून पाहिले आणि मान डोलावली. कागदावर खुणा करण्यापेक्षा ही कानाची परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

मग वराकडून निरोप आला, आमची म्हाळसा कुठे आहे? म्हा-ळ-सा म्हणजे गालगा. ओळीच्या आरंभी ती चालणार नाही, कारण दुसरे अक्षर गुरूच हवे. शेवटची तीन अक्षरे मात्र गालगाच असतात. तेव्हा दोन्ही घरच्या देवी एकाच ओळीत आल्या:

शांतेरी जगदंबिका वरद हो, देवो सुखे म्हाळसा