लूमच्या विम्याचे चार हप्ते

पॉलिसी संपायला तीन दिवस उरले असताना इचलकरंजीचे एक यंत्रमागधारक आमच्या विमा कंपनीच्या शाखेत आले. इमारत ६० लाख, माग दीड कोटी, सूत आणि कापड ९० लाख, असा ३ कोटींचा आगीचा विमा. वर्षाचा हप्ता ७२,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ८४,९६०. व्यापाऱ्याकडचं पेमेंट तीन महिने अडकलेलं. ते म्हणाले, "साहेब, चार हप्ते करून द्या की. पुढच्या तारखांचे चेक आत्ताच देतो."

ते मला घेता येत नव्हते. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. आरोग्य विम्यात हप्त्यांची सोय आहे, पण या आगीच्या पॉलिसीला पूर्ण रक्कम आधीच लागते. चेक वटला नाही तर पॉलिसी मुळातूनच रद्द होते, मग आग त्याच्या आधी लागलेली असली तरी.

सहा महिन्यांची पॉलिसी घेऊ का, असं त्यांनी विचारलं. अल्प मुदतीचा दर महिन्यांच्या हिशेबाने बसत नाही. जुन्या दरपत्रकात सहा महिन्यांना वार्षिक हप्त्याचे ७० टक्के लागायचे, म्हणजे दोनदा घेतली की १४० टक्के. मग म्हणाले, विम्याची रक्कमच निम्मी करा. याची मला जास्त धास्ती वाटली. दीड कोटीच्या मागांचा विमा ७५ लाखांचा असेल आणि २० लाखांचं नुकसान झालं, तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो, साधारण १० लाखांवरच थांबतो. त्यांच्या सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नाही.

पैशाची वाट त्यांच्या बँकेतूनच होती. माल बँकेकडे तारण, पॉलिसीवर बँकेचं नाव, त्यामुळे हप्ता कॅश क्रेडिट खात्यातून भरायचं पत्र त्यांनी दिलं. ११ टक्के व्याज धरलं तरी तीन महिन्यांचे सुमारे २,३३६ रुपये.

पण बँकेने पत्र परत केलं, माल आणि येणी यांच्या हिशेबाने मिळणारी उचल शिल्लक नव्हती. गेल्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट दिलेलं नव्हतं, आणि ९० दिवसांपुढची येणी बँक उचलीत धरत नव्हती. म्हणजे ज्या अडकलेल्या पैशामुळे हप्ता थांबला होता, त्यानेच उचलही कमी केली होती. नवं सूत गोदामात आलेलं होतं. त्याची बिलं, धनकोंचं देणं वजा करून, दुसऱ्या दिवशी दिल्यावर उचल वाढली. मुदतीच्या शेवटच्या दुपारी पैसे जमा झाले. पावतीचा क्रमांक पॉलिसीवर आला आहे ना, आणि मध्यरात्रीपासूनची तारीख बरोबर आहे ना, हे मी त्यांच्यासमोरच तपासलं. एक दिवसाचा खंड पडला असता तर मागची तारीख कुणालाच देता आली नसती.

पुढच्या वर्षासाठी त्यांनी त्याच बँकेत महिना ७,१०० रुपयांची आवर्ती ठेव उघडली.