शेक टेबल: कनेक्टिंग रॉड लांब केला आणि निम्म्या वेगावरचं डोलणं गेलं

मागच्या नोंदीत शेक टेबल, म्हणजे भूकंपासारखं हलवून मनोरा तपासायचं टेबल, सुरू झाल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर एका गोष्टीनं डोकं खाल्लं. माझ्या काड्यांच्या मनोऱ्याची स्वतःची वारंवारता ४.२ हर्ट्झ आहे, म्हणजे टेबल त्या वेगाला पोचलं की तो सर्वांत जास्त डोलायला हवा. पण टेबल २.१ हर्ट्झवर, बरोबर निम्म्या वेगावर असतानाच त्याचा माथा जोरात हलायला लागायचा. थोडा वेग वाढवला की शांत.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी रचना थोडक्यात: १२ व्होल्टची ३०० आरपीएम गिअर मोटर (म्हणजे जास्तीत जास्त ५ हर्ट्झ), वेगासाठी पीडब्ल्यूएम कंट्रोलर, ड्रॉवरच्या बॉल बेअरिंग चॅनेलवर सरकणारं १२ मिमी प्लायवुड. क्रँकची पिन मध्यापासून १० मिमीवर, तिथून टेबलापर्यंत ५० मिमीचा कनेक्टिंग रॉड. मनोरा आइस्क्रीमच्या काड्यांचा, ६० सेंमी उंच, माथ्यावर ४०० ग्रॅम नट-बोल्ट बांधलेले.

आधी स्लो-मोशन व्हिडिओ काढला. टेबल एकदा जाऊन परत येईपर्यंत माथा दोनदा जाऊन येत होता. म्हणजे मनोरा डोलत होता स्वतःच्याच ४.२ हर्ट्झनं, आणि त्याला तो झोका टेबलाकडूनच मिळत होता. मग मनोरा काढून टेबलावर फोन घट्ट चिकटवला आणि phyphox ॲपमध्ये प्रवेगाचा आलेख पाहिला. तिथे सगळं स्पष्ट झालं. लाट दोन्हीकडे सारखी नव्हती. टेबल मोटरपासून सर्वांत लांब असताना शिखर टोकदार आणि उंच, मोटरच्या जवळच्या टोकाला बसकं. खडखडाटही नव्हता, म्हणजे सांध्यातल्या ढिलाईचा प्रश्न नव्हता. सांधे ढिले असतील तर दिशा बदलताना टकटक ऐकू येते आणि आलेखावर बारीक सुळके दिसतात.

कारण रॉडच्या लांबीत आहे. क्रँक गोल फिरतो, पण रॉड फिरताना तिरका होत जातो, त्यामुळे टेबलाची हालचाल शुद्ध साइन लाट राहत नाही. तिच्यात दुप्पट वारंवारतेची छोटी लाट मिसळते. क्रँकची त्रिज्या r आणि रॉडची लांबी L धरली, तर त्या लाटेचा आवाका साधारण

```
r²/(4L)
```

इतका असतो. माझ्याकडे १० × १० भागिले २००, म्हणजे अर्धा मिलिमीटर. टेबल १० मिमी इकडे-तिकडे जात असताना अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाही, पण मनोऱ्याला तो पुरतो. टिचकी मारून पाहिलं तर त्याचं डोलणं चार हेलकाव्यांत निम्मं होतं. ०.११ ला हेलकाव्यांच्या या संख्येनं, म्हणजे चारनं, भागलं की डँपिंग, म्हणजे डोलणं विरण्याचं प्रमाण, सुमारे २.७५ टक्के येतं, आणि एवढ्या डँपिंगला अनुनादात, म्हणजे लाटेची वारंवारता मनोऱ्याच्या वारंवारतेशी जुळल्यावर, हालचाल जवळजवळ अठरापट होते. अर्ध्या मिलिमीटरचे झाले ९ मिमी. खुद्द २.१ हर्ट्झच्या मुख्य लाटेमुळे माथा तळाच्या तुलनेत जेमतेम ३.३ मिमी सरकतो. म्हणून जे दिसत होतं ते बहुतेक सगळं त्या लपलेल्या लाटेचं होतं.

उपाय सोपा निघाला. मोटर बैठकीच्या बाहेर काढून वेगळ्या फळीवर बसवली आणि २०० मिमीचा रॉड टाकला, ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा, दोन्ही टोकांना रॉड एंड. आता ती छोटी लाट १/८ मिमीची, हिशेबानं माथ्यावर सव्वादोन मिमी. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा २.१ हर्ट्झवर मनोरा टेबलाच्याच तालात हलला. आलेखातली शिखरंही जवळपास सारखी झाली. स्कॉच योक, म्हणजे रॉडऐवजी टेबलालाच जोडलेली खाच आणि तिच्यात फिरणारी क्रँकची पिन, लावला तर ही लाट तत्त्वतः उरतच नाही, पण घरी केलेल्या खाचेत पिन खेळते आणि तिथे पुन्हा टकटक येते, म्हणून मी लांब रॉडच पसंत केला.

वेग वाढवताना घाई करू नका. या मनोऱ्याचं डोलणं पूर्ण चढायला पाच-सहा सेकंद लागतात. त्याआधीच पुढे गेलात तर अनुनादाचा वेग न दिसताच निघून जातो. आणि त्रिज्या तीच ठेवून वेग वाढवला की प्रवेग वेगाच्या वर्गानं वाढतो हे विसरू नका: १० मिमीला २.१ हर्ट्झवर ०.१८ जी, ४.२ वर ०.७ जी. म्हणून दोन मनोऱ्यांची तुलना करताना नुसता 'किती हर्ट्झला पडला' हा आकडा पुरत नाही, सोबत त्रिज्याही लिहा.

काल पिन मध्यापासून ५ मिमीवरच्या छिद्रात घालून ४.२ हर्ट्झवर थांबलो. काडी एकही मोडली नाही. तळमजल्याच्या दोन खांबांचा फेविकॉल बैठकीच्या पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्याचा वरचा कागद घेऊनच सुटला. म्हणजे डिंक धरून होता, पुठ्ठ्याचा थर सोलला गेला. पुढचा मनोरा प्लायच्या बैठकीत खाचा पाडून उभा करतोय. १९६७ च्या कोयना भूकंपाच्या नोंदीसारखी अनियमित हालचाल या क्रँकनं जमणार नाही, त्याला सर्व्हो लागेल. तोवर नव्या बैठकीवर हीच चाचणी त्याच ५ मिमीला घेईन आणि आकडे टाकेन.